स्वाइप मशीनवाल्यांनो, कापलेल्या पैशाचा हिशोब ओळीओळीने द्या : एका दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
दुकानांना कार्ड मशीन आणि क्यूआर देणाऱ्या सर्व बँका आणि पेमेंट कंपन्या
(प्रत माहितीसाठी : रिझर्व्ह बँकेचा पेमेंट विभाग)

नमस्कार,

साताऱ्यात माझं भांड्यांचं आणि घरगुती उपकरणांचं दुकान आहे. कुकर, मिक्सर, गिझर, पंखे, सणाला थोडी तांब्यापितळेची भांडी. ज्या कंपनीचं मशीन माझ्या काउंटरवर आहे तिने मध्यंतरी एक मेसेज पाठवला, की आता तुमच्यासाठी सगळं सोपं केलंय, पुढच्या महिन्यापासून सगळ्या कार्डांना एकच रेट, १.८ टक्के, आणि स्टेटमेंटमध्ये प्रत्येक व्यवहारापुढे जो चार्ज दिसायचा तो आता दिवसाचा एकत्र दिसेल. सोबत एक हसणारा इमोजी. फोन केला तर तिकडून मुलगा म्हणाला, सर फ्लॅट रेट आहे, टेन्शनच नाही. कंपनीचं नाव इथे घेत नाही, कारण आजूबाजूच्या दुकानदारांना विचारलं तर वेगवेगळ्या कंपन्यांची तीच गत, म्हणून पत्र तुम्हा सगळ्यांनाच लिहितोय आणि चारचौघांत लिहितोय.

मला टेन्शन आहे. कारण कार्डावर जे पैसे तुम्ही कापता ते एकाच्या खिशात जात नाहीत, ते तीन ठिकाणी जातात, आणि कुठल्या कार्डाला किती जातात हे दरवेळी बदलतं. हे वाचणाऱ्या इतर दुकानदारांसाठी आणि गिऱ्हाइकांसाठी आधी हे थोडं उलगडतो, मग तुमच्याकडे येतो.

गिऱ्हाइकाने कार्ड लावलं की दुकानदाराला पूर्ण रक्कम मिळत नाही, त्यातून एमडीआर, म्हणजे दुकानदाराकडून घेतला जाणारा चार्ज, कापला जातो. त्या एमडीआरचा पहिला आणि बहुतेक वेळा सगळ्यात मोठा वाटा म्हणजे इंटरचेंज, तो जातो गिऱ्हाइकाला कार्ड देणाऱ्या बँकेला. दुसरा वाटा नेटवर्कचा, म्हणजे व्हिसा, मास्टरकार्ड, रुपे जे असेल त्याचा. उरलेला तुमचा, म्हणजे मशीन देऊन माझ्या खात्यात पैसे जमा करणाऱ्याचा. पहिले दोन वाटे तुमच्या हातात नाहीत, हे मला मान्य आहे, ते तुम्हालाही भरावेच लागतात. भाव करायचा तर फक्त तिसऱ्या वाट्यावर करता येतो. आणि नेमका तोच वाटा एकच रेट लावल्यावर दिसेनासा होतो.

आता इंटरचेंज कार्डागणिक का बदलतं, तर त्याला कारण आहे. क्रेडिट कार्डावर बँक गिऱ्हाइकाला महिना-दीड महिना पैसे वापरायला देते, बुडण्याची जोखीम घेते, वर पॉइंट, कॅशबॅक, विमानतळावरचं लाउंज. त्यातला बराचसा खर्च इंटरचेंजमधून निघतो. म्हणजे साध्या क्रेडिट कार्डापेक्षा भारीतल्या कार्डाला जास्त, कॉर्पोरेट कार्डाला आणखी वेगळं, परदेशी कार्डाला अजून जास्त. आमच्याकडे मुंबई-पुण्याची मंडळी सुट्टीला येतात, त्यांच्या काळ्या चकचकीत कार्डावर कुकर विकला की त्यांच्या लाउंजमधल्या चहाला मीही थोडा हातभार लावतो असं म्हणायला हरकत नाही. डेबिट कार्डाचं तसं नाही, पैसे आधीच खात्यात पडलेले असतात, म्हणून तिथे खर्च कमी असायला हवा आणि तसा नियमही आहे.

नियम काय ते एकदा सांगतो, कारण तुमच्या लोकांना फोनवर विचारलं की प्रत्येक जण वेगळं सांगतो. रिझर्व्ह बँकेने ६ डिसेंबर २०१७ ला परिपत्रक काढलं, ते १ जानेवारी २०१८ पासून लागू झालं. आधीच्या वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर डेबिट कार्डाचा एमडीआर मशीनवर ०.४० टक्क्याच्या वर नको, त्याहून मोठ्या दुकानाला ०.९० टक्क्याच्या वर नको. माझी उलाढाल २० लाखांच्या वर आहे, म्हणजे मला ०.९०. मग १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट कार्ड आणि बँक खात्यातून होणारं यूपीआय यांच्यावर एमडीआर शून्य झाला. क्रेडिट कार्डाला मात्र आपल्याकडे अशी वरची मर्यादा नाही, ते तुमच्या-आमच्या करारावर. एवढंच आहे, यात समजायला अवघड असं काही नाही.

आता एक दिवस घेऊ. हिशोब डोक्यात बसावा म्हणून रकमा गोल केल्यात, बाकी प्रकार रोजचाच आहे. समजा दिवसभरात मशीनवर चार कार्डं लागली. गिझर आणि मिक्सर मिळून १२,००० क्रेडिट कार्डावर. एक मोठा मिक्सर ८,५०० ला व्हिसा डेबिटवर. एक कुकर १,८५० ला, तोही व्हिसा डेबिटवर. आणि पंखे ६,००० चे रुपे डेबिटवर. एकूण २८,३५०.

तुमच्या नव्या सोप्या पद्धतीने याच्यावर १.८ टक्के, म्हणजे ५१०.३०. त्यावर १८ टक्के जीएसटी ९१.८५. एकूण कापले ६०२.१५ आणि दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात २७,७४७.८५. स्टेटमेंटवर चार आकडे, एकूण, चार्ज, टॅक्स, जमा. गुणाकार बरोबर येतो, बेरीज बरोबर येते, म्हणून कोणाला शंकाच येत नाही, माझा अकाउंटंटही एकूण टॅली झालं की पुढच्या पानावर जातो.

हेच आता ओळीओळीने करू. १२,००० क्रेडिटवर तुमचाच १.८ टक्के रेट धरला तर २१६, त्यावर जीएसटी ३८.८८, मिळून २५४.८८. इथे माझी तक्रार नाही, रेट जास्त वाटतो पण करारात आहे. ८,५०० डेबिटवर जास्तीत जास्त ०.९० टक्के, म्हणजे ७६.५०, जीएसटी १३.७७, मिळून ९०.२७. १,८५० डेबिटवर ०.९० टक्क्याने १६.६५, आणि याच्यावर जीएसटी शून्य, का ते पुढे सांगतो. रुपे डेबिटवर एमडीआर शून्य, मग जीएसटीही शून्य. सगळं मिळून ३६१.८०.

६०२.१५ कुठे आणि ३६१.८० कुठे. एका दिवसात २४०.३५ चा फरक, तोही तुमचा क्रेडिटचा रेट जसाच्या तसा मान्य करून. कुकरवर डिस्काउंट देऊन मला नऊ टक्क्यांच्या आसपास सुटतात, त्यातला १.८ टक्के म्हणजे पाचवा हिस्सा मशीनमध्येच गेला. मोठ्या शोरूमला हे चालत असेल, त्यांचा माणूस बसून तुमच्याशी रेट ठरवतो. माझ्यासारख्याला मेसेज येतो.

आता मुद्द्यावर येतो.

पहिला मुद्दा, सगळ्या कार्डांना एक रेट हाच मुळात चुकीचा आहे. हे मी आज शोधून काढलेलं नाही. रिझर्व्ह बँकेने १ सप्टेंबर २०१६ ला बँकांना याच गोष्टीबद्दल लिहिलंय, की डेबिट आणि क्रेडिटचा एमडीआर एकत्र बांधू नका, वेगवेगळा दाखवा, आणि मशीन देतानाच दुकानदाराला समजावून सांगा. ते यासाठीच, की एकत्र बांधला की डेबिटवरची मर्यादा कागदावरच राहते. आणि तुम्ही इतक्या वर्षांनी तेच गाठोडं परत बांधून त्याला सोपं म्हणताय. माझ्या दुकानात डेबिट जास्त चालतं, गावाकडचं गिऱ्हाईक, पगार खात्याचं कार्ड, म्हणजे एका रेटमध्ये माझ्यासारखा दुकानदार दुसऱ्यांच्या भारी क्रेडिट कार्डांचा खर्च भरतो.

दुसरा मुद्दा जीएसटीचा. एका व्यवहारात २,००० रुपयांपर्यंतच्या कार्ड पेमेंटवर दुकानदाराला जी सेवा मिळते तिच्यावर जीएसटी माफ आहे. ही माफी नोटाबंदीच्या वेळी सर्व्हिस टॅक्समध्ये आली, मग जीएसटीत कायम राहिली. पेमेंट अ‍ॅग्रीगेटर, म्हणजे दुकानदारांचे पैसे गोळा करून खात्यात टाकणाऱ्या कंपन्या, म्हणायचे की आम्ही बँक नाही, आम्हाला लागू आहे की नाही माहीत नाही. तेही २१ डिसेंबर २०२४ च्या जीएसटी कौन्सिलच्या बैठकीत स्पष्ट झालं, रिझर्व्ह बँकेच्या नियमनाखालच्या अ‍ॅग्रीगेटरनाही ही माफी आहे, फक्त जे पैशाची सेटलमेंट करत नाहीत, नुसतं तांत्रिक गेटवे चालवतात, त्यांना नाही. तुम्ही तर रोज माझ्या खात्यात पैसे टाकता. मग १,८५० च्या कुकरवर टॅक्स कसा लागतो? लागतो असा, की दिवसाचा चार्ज एकत्र केला आणि त्या बेरजेवर सरसकट १८ टक्के मारले. ओळ दिसत असती तर लगेच पकडता आलं असतं. तुमचा मुलगा म्हणतो की सर तुम्हाला इनपुट क्रेडिट मिळतंच ना, म्हणजे भरलेला जीएसटी तुमच्या जीएसटीतून वजा होतोच ना. मला मिळतं, ते पण तुमचं बिल माझ्या जीएसटी नंबरवर निघालं आणि पोर्टलवरच्या माझ्या २बी स्टेटमेंटमध्ये दिसलं तर. शेजारचा स्टेशनरीवाला जीएसटीच्या कंपोझिशन स्कीममध्ये आहे, त्याला एक रुपया परत मिळत नाही आणि त्याचे निम्म्याहून जास्त व्यवहार २,००० च्या आतले.

तिसरा मुद्दा वॉलेटचा, यात सगळ्यात जास्त गोंधळ आहे. क्यूआर एकच, माझ्या स्पीकरवर आवाज एकच, पण पैसे येण्याच्या वाटा वेगळ्या. बँक खात्यातून आले तर शून्य. पण गिऱ्हाइकाने आधी वॉलेटमध्ये पैसे भरून ठेवले असतील आणि त्या वॉलेटमधून यूपीआयने दिले, तर १ एप्रिल २०२३ पासून २,००० च्या वरच्या व्यवहारावर इंटरचेंज आहे, जास्तीत जास्त १.१ टक्के, पेट्रोल पंप, शेती, शिक्षण, सुपरमार्केट असल्या धंद्यांना त्याहून कमी. हे गिऱ्हाइकाकडून घ्यायचं नाही, ते तुमच्याकडून वॉलेट कंपनीला जातं, आणि तुम्ही ते पुढे दुकानदाराकडून वसूल करता. म्हणजे ४,००० चा गॅस स्टोव्ह वॉलेटमधून घेतला तर ४४ रुपये, वर तुमचा जीएसटी ७.९२. त्या वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा उठली होती की यूपीआयला चार्ज लागला, आणि गिऱ्हाइकं आठवडाभर रोख काढून आणत होती. ती अफवा होती, पण तुमचं स्टेटमेंट बघितलं तर माणसाला तीच खरी वाटेल, कारण तिथे फक्त ‘यूपीआय’ लिहिलेलं असतं आणि काही ओळींना पैसे कापलेले, काहींना नाही. यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाचंही तसंच, तोही आकडा ‘यूपीआय’ खालीच. खातं, वॉलेट, क्रेडिट, तीन शब्द लिहायला जागा नाही का?

चौथा मुद्दा धंद्याच्या कोडचा. प्रत्येक दुकानाला तुम्ही चार आकडी एमसीसी लावता, घरगुती उपकरणांच्या दुकानाला 5722, किराण्याला 5411, असं. इंटरचेंज किती पडणार हे त्या कोडवरही ठरतं, आत्ताच वॉलेटचं उदाहरण दिलं. पण माझ्या दुकानाला कोणता कोड लावलाय हे करारात नाही, स्टेटमेंटवर नाही, अ‍ॅपमध्ये नाही. मशीन बसवायला आलेल्या पोराने घाईत जे निवडलं ते. कोड चुकला असेल तर मी वर्षानुवर्षं दुसऱ्याच धंद्याचा रेट भरत असेन आणि मला कळायला मार्ग नाही.

दुकानदार बंधूंसाठी एक, तोवर स्वतः तपासायचं कसं. मशीनमधून निघणारी स्लिप फेकू नका. बऱ्याच मशीनच्या स्लिपवर AID म्हणून एक लांब नंबर येतो. तो A000000003 ने सुरू झाला तर व्हिसा, A000000004 ने तर मास्टरकार्ड, A000000524 ने तर रुपे. त्याच्या जवळपास VISA DEBIT वगैरे छापलेलं असतं, त्यावरून डेबिट की क्रेडिट ते कळतं, नेहमी नसतं पण बऱ्याचदा असतं. आणि RRN नावाचा बारा आकडी नंबर असतो, त्याने स्लिप आणि स्टेटमेंटची ओळ जुळवता येते, अर्थात स्टेटमेंटला ओळ असेल तर. रुपे डेबिटच्या सगळ्या स्लिपा वेगळ्या काढा आणि त्यांच्यापुढे काही कापलंय का बघा, चूक तिथे सगळ्यात पटकन सापडते. स्लिपची शाई उन्हाने उडते, फोटो काढून ठेवा.

आणि गिऱ्हाइकांना पण एक सांगायचंय. काही दुकानांत कार्ड म्हटलं की दोन टक्के जास्त मागतात. डेबिट कार्डावर असं मागायला नियमाने बंदी आहे, माझं समर्थन नाही. पण होतं असं, की दुकानदाराला सगळ्या कार्डांचा खर्च एकसारखा दिसतो, मग तो सगळ्यांना एकसारखं मागतो, ज्याच्या रुपे डेबिटवर दुकानदाराला दमडी लागायला नको त्यालाही. एक रेट करून मशीनवाले मोकळे, भांडण मात्र काउंटरवर आमचं आणि तुमचं.

मशीनवाल्यांनो, तुम्ही फुकट सेवा द्या असं मी म्हणत नाही. मशीनला खर्च आहे, सर्व्हर आहे, बिघडलं की माणूस येतो, कधीकधी येतोही. त्याचं भाडं मी दर महिन्याला वेगळं भरतोच. तुमचा वाटा घ्या, पण तो दाखवून घ्या. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, आमच्याकडे तर भांड्यांचंच दुकान आहे.

हे होत नाही म्हणू नका. युरोपियन युनियनमध्ये २०१५ च्या इंटरचेंजच्या कायद्याने दुकानदाराला प्रत्येक व्यवहाराची रक्कम, त्याच्यावर घेतलेला चार्ज आणि त्यातलं इंटरचेंज मशीनवाल्यांना वेगळं सांगावं लागतं, आणि प्रत्येक प्रकारच्या कार्डाचा रेट वेगळा द्यावा लागतो. दुकानदाराने स्वतः लेखी सांगितलं तरच एकत्र. तिथे तर साध्या गिऱ्हाइकांच्या कार्डावर इंटरचेंजलाच मर्यादा आहे, डेबिटला ०.२ टक्के आणि क्रेडिटला ०.३ टक्के. मर्यादेचं काय ते सरकार आणि रिझर्व्ह बँक बघेल, तो वेगळा वाद आहे. मी फक्त दाखवा म्हणतोय. कुठलं कार्ड होतं, त्याला किती इंटरचेंज गेलं ही माहिती तुमच्याकडे प्रत्येक व्यवहाराला असते, नाहीतर तुम्ही समोरच्या बँकेशी हिशोब कसा मिटवता?

माझ्या मागण्या अशा.

१. स्टेटमेंटमध्ये प्रत्येक व्यवहाराची वेगळी ओळ : RRN, रक्कम, नेटवर्क, डेबिट की क्रेडिट की वॉलेट, इंटरचेंज, नेटवर्कचा वाटा, तुमचा वाटा, जीएसटी, जमा रक्कम. एक्सेलमध्ये, नुसतं पीडीएफ नको, पीडीएफमधून बेरीज करता येत नाही.

२. करारात डेबिट, रुपे डेबिट, क्रेडिट, परदेशी कार्ड आणि वॉलेट यांचे रेट वेगवेगळे लिहा. माझा एमसीसी त्याच कागदावर लिहा आणि चुकीचा असेल तर दुरुस्त करायची सोय द्या.

३. डेबिटवर मर्यादेच्या वर आणि रुपे डेबिटवर जे काही कापलं असेल ते आपणहून मोजून परत करा. आम्ही एकेक स्लिप घेऊन मागायला यायचं आणि तुम्ही तिकीट नंबर देऊन ते दोन दिवसांत बंद करायचं, हे नको.

४. २,००० पर्यंतच्या कार्ड व्यवहारांवर लावलेला जीएसटी थांबवा, आधीचा घेतलेला असेल तर क्रेडिट नोट द्या. बाकीचं बिल दर महिन्याला आमच्या जीएसटी नंबरवर वेळेत काढा.

५. रेट बदलायचा असेल तर मेसेज पाठवून झाला असं धरू नका. लेखी कळवा, आणि नको म्हणायला महिनाभर द्या.

रिझर्व्ह बँकेला विनंती एवढीच, की २०१६ मध्ये बँकांना जे सांगितलं तेच आता मशीन देणाऱ्या प्रत्येकाला, बँक असो की कंपनी, पुन्हा सांगावं आणि त्यात इंटरचेंजचा रकाना सक्तीचा करावा. आज दोन कंपन्यांचे लोक माझ्याकडे येतात, एक १.८ म्हणतो, एक १.६५ म्हणतो, आणि दोघांनाही विचारलं की यात तुमचं स्वतःचं किती, तर दोघेही म्हणतात सर ते आमच्या सिस्टीमला दिसत नाही.

माझ्या कंपनीला मी या पाच मागण्या मेलवरही पाठवल्यात आणि नव्या एका रेटला माझी संमती नाही असं त्यात लिहिलंय. उत्तर येईपर्यंत काउंटरवर क्यूआर चालू राहील, मशीनही चालू राहील, आणि कार्ड लागलं की प्रत्येक स्लिपचा फोटो निघेल.

आपला,
एक दुकानदार, सातारा